पाकिटावरचे चार मिलिग्रॅम

"ताई, माझं वय ४४. बारा मिलिग्रॅम टारच्या सिगारेटी दिवसाला दहा ओढायचो. पाच वर्षांपूर्वी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा घाबरून चार मिलिग्रॅमच्या 'लाइट'वर आलो. आता दिवसाला पंधरा होतात, सकाळी उठल्यावर दहा मिनिटांत पहिली. पण हिशेब केला तर तेव्हा रोज १२० मिलिग्रॅम टार जायचं, आता ६०. घशालाही हलकं वाटतं, खोकला कमी आहे, म्हणून घरातही ओढतो. हल्ली पाकिटावर 'लाइट' लिहिलेलं नसतं, रंग सांगून मागतो. बायको म्हणते, 'काही फरक नाही, उलट आता फिल्टर पार ओठांत खुपसून ओढता.' आता एक मिलिग्रॅमवाली मिळते. तिच्यावर जायचं आणि मग हळूहळू संख्या कमी करत सोडायची, असा बेत आहे. माझं काही चुकतंय का?"

(नाव न छापण्याची विनंती)

तुमचा गुणाकार बरोबर आहे. पंधरा चोक साठच होतात. गडबड त्या चारमध्ये आहे. हे चार मिलिग्रॅम कुणी मोजले आणि कुणाच्या फुप्फुसात मोजले, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला नाही. त्यात तुमचा दोष नाही. पाकिटावर आकडा छापला की तो आतल्या मालाचा असणार, असंच कुणालाही वाटेल. तेलाच्या पिशवीवर एक लिटर लिहिलेलं असलं की आत एक लिटर तेल असतं. टारचं तसं नाही, कारण सिगारेट पेटवेपर्यंत तिच्यात टार नसतंच. तंबाखू जळताना जो धूर होतो, त्यातले बारीक कण एका गाळणीवर धरायचे, त्यांचं वजन करायचं, त्यातून पाणी आणि निकोटिन वजा करायचं; उरेल ते टार. म्हणजे टार किती निघेल, हे सिगारेट कशी ओढली यावर ठरतं. 'कमी टारचा तंबाखू' असा काही वेगळा माल नसतो.

मग ती ओढतं कोण? एक यंत्र. सिगारेट त्याच्या तोंडात बसवतात. दर मिनिटाला एक झुरका, प्रत्येक झुरका दोन सेकंदांचा, आणि प्रत्येक वेळी बरोबर ३५ मिलिलिटर धूर आत, म्हणजे चहाचे सात चमचे भरतील एवढा. फिल्टरच्या अलीकडे ठरलेल्या खुणेपर्यंत सिगारेट जळली की काम संपलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६७ साली ही पद्धत लागू केली आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानकातही जवळपास तीच आली. एखाद्या माणसाच्या अंगात किती टार जातं हे या चाचणीतून कळत नाही, तिचा उपयोग फक्त एका ब्रँडची दुसऱ्याशी तुलना करायला, असं खुद्द त्या कमिशनने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. २००८ मध्ये तर कमिशनने या पद्धतीमागचा आपला आधारच काढून घेतला. मधल्या चाळीस वर्षांत तो आकडा कोट्यवधी लोकांनी तुमच्यासारखाच वाचला.

यंत्राला तलफ येत नाही. जेवण झालं म्हणून ते खोल झुरका घेत नाही, साहेब रागावले म्हणून भराभर ओढत नाही, आणि मुख्य म्हणजे ते सिगारेट बोटांत धरत नाही. हे बोटांचं एवढं महत्त्वाचं का, ते आता सांगते.

तुमच्या पाकिटातली एक सिगारेट घ्या, पण पेटवू नका. फिल्टरभोवतीचा जाडसर कागद अलगद सोडवा आणि उजेडासमोर धरा. तोंडाकडच्या टोकापासून साधारण एक-सव्वा सेंटिमीटरवर बारीक छिद्रांची एक रांग दिसेल, कधी दोन रांगा असतात. सुईच्या टोकाहूनही बारीक, बहुधा लेझरने पाडलेली. काही ब्रँडमध्ये ती इतकी सूक्ष्म असतात की भिंग लागतं. 'लाइट' सिगारेटची सगळी जादू या छिद्रांत आहे. आतला तंबाखू थोडाफार वेगळा असेल, कागद जरा जास्त सच्छिद्र असेल, पण आकडा बारावरून चारवर येतो तो मुख्यतः इथून. तुम्ही ओढता तेव्हा या छिद्रांतून बाहेरची हवा आत येते आणि धुरात मिसळते. यंत्राच्या ३५ मिलिलिटरपैकी अर्धी हवाच असली, तर गाळणीवर टारही निम्मंच जमणार. अतिलाइट सिगारेटींत तर झुरक्याचा ऐंशी टक्के भाग नुसती हवा असू शकतो. दुधात पाणी घालावं तसं.

आता दुसरी सिगारेट घ्या, तीही न पेटवता. ओठांच्या टोकावर धरून हवा ओढून पाहा. मग छिद्रांच्या त्या रांगेभोवती दोन बोटं घट्ट आवळा आणि पुन्हा ओढा. या वेळी ओढायला जड जाईल. पेटलेली सिगारेट असती, तर त्या जड झुरक्यात हवा नव्हे, धूर आला असता. तुमची बायको जे म्हणाली ते नेमकं हेच आहे. फिल्टर ओठांत खोलवर गेला की छिद्रं ओठांखाली जातात. बोटं फिल्टरच्या मधोमध असली की निम्मी छिद्रं बोटांखाली. असं करायचं कुणी शिकवत नाही आणि आपण ते करतोय हे बहुतेकांना ठाऊकही नसतं. झुरका पचपचीत लागतो, म्हणून ओठ आणि बोटं अधिक चव येईल अशी जागा शोधत जातात. ती जागा म्हणजे छिद्रं बंद होतील ती.

याचा पुरावा रोज तुमच्या रक्षापात्रात पडलेला असतो. थोटूक उचला आणि ओठांकडचं तोंड बघा. छिद्रं उघडी राहिली असतील, तर बाहेरून आलेली हवा फिल्टरच्या कडेकडेने वाहते आणि धूर मधून जातो. अशा थोटकावर मध्ये तपकिरी ठिपका आणि भोवती पांढुरकी कड दिसते, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी. छिद्रं बंद झाली असतील, तर डाग कडेपर्यंत सारखा पसरलेला असतो. अर्धीच बंद असतील, तर डाग एका बाजूला सरकलेला. १९८० च्या सुमारास संशोधकांनी छिद्रं झाकणारे लोक ओळखायला ही खूण वापरली होती. मी तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशन करायचे, तेव्हा लोकांना एका दिवसाची थोटकं डबीत घालून आणायला सांगायचे. (डबी उघडली की खोलीभर वास, ते वेगळंच.) एका गृहस्थांच्या चौदा थोटकांपैकी दोनांनाच पांढरी कड होती. ते बराच वेळ डबीकडे बघत बसले. "म्हणजे मी पाच वर्षं साधीच सिगारेट ओढतोय?" एवढंच म्हणाले.

आता तुमच्या त्या साठ मिलिग्रॅमकडे परत येऊ. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे खरे आकडे कुणीही मोजलेले नाहीत. समजा तुमच्या सिगारेटच्या झुरक्यात निम्मी हवा आहे. यंत्राच्या ३५ मिलिलिटरमध्ये धूर आला साडेसतरा. यंत्राने आठ झुरके घेतले, तर एकूण १४० मिलिलिटर धूर आणि त्यातून चार मिलिग्रॅम टार. तुम्ही मात्र अर्ध्या मिनिटाला एक झुरका घेता, तोही ५५ मिलिलिटरचा, आणि ओठ-बोटांमुळे हवा निम्म्यावरून पाव भागावर येते. म्हणजे प्रत्येक झुरक्यात धूर झाला साधारण ४१ मिलिलिटर. असे बारा झुरके घेतलेत तर जवळजवळ ४९५. यंत्राच्या साडेतीनपट. चारचे झाले चौदा, आणि पंधरा सिगारेटींचे दोनशे दहा.

इतकं सरळ गणित प्रत्यक्षात नसतं. सिगारेटची लांबी ठरलेली आहे, तंबाखू तेवढाच आहे. पण यंत्र मिनिटभर थांबतं तेव्हा तंबाखू हवेत जळून वाया जात असतो. तुम्ही भराभर झुरके घेता तेव्हा तोच तंबाखू तुमच्या छातीतून जातो. त्यामुळे वाढीला जागा बरीच असते. कॅनडाने म्हणूनच एक कडक चाचणी आणली. ५५ मिलिलिटरचा झुरका, दर अर्ध्या मिनिटाला, आणि छिद्रं चिकटपट्टीने पूर्ण बंद. या चाचणीत 'हलक्या' आणि 'कडक' सिगारेटींमधलं अंतर बरंचसं मिटून जातं. आता तुम्ही म्हणाल, माझ्या जुन्या बारा मिलिग्रॅमचा आकडाही यंत्राचाच होता, तीही मी यंत्रापेक्षा जास्तच ओढत असणार. अगदी खरं. म्हणूनच 'लाइट'मुळे तुमचं टार वाढलं, असं मी म्हणणार नाही. दोन्ही आकडे तुमचे नव्हते, त्यामुळे त्यांची वजाबाकीही तुमची नाही. १२० आणि ६० दोन्ही खोडून टाका.

शरीर हे सगळं का करतं? कारण सिगारेटमागे शरीराला हवं असतं ते निकोटिन, टार त्याच्याबरोबर फुकटात येतं. निकोटिनची रक्तातली पातळी साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि ज्याला सवय आहे त्याचा मेंदू ती ठरावीक पट्ट्यात ठेवायला बघतो. कमी पडलं की अस्वस्थता, जास्त झालं की मळमळ. रोजच्या पातळीचा हा अंदाज शरीराला इतका पक्का असतो की सिगारेट बदलली तरी ते आपलं माप वसूल करतं. झुरका मोठा करून, लवकर घेऊन, छातीत जास्त वेळ धरून, थोटकापर्यंत ओढून, आणि तरी भागलं नाही तर आणखी एक पेटवून. तुमच्या दहाच्या पंधरा झाल्या, त्याला तुम्ही कामाचा ताण कारण मानलं असेल. मला आधी त्या छिद्रांचा संशय येतो.

हे अंदाजाने सांगत नाही. निकोटिनपासून शरीरात कोटिनिन तयार होतं आणि ते जास्त वेळ टिकतं, म्हणून कुणी किती निकोटिन घेतलं हे रक्तातून मोजता येतं. १९८३ साली अमेरिकेत ते मोजून पाहिलं. कमी आकड्याच्या सिगारेटी ओढणाऱ्यांच्या रक्तातलं प्रमाण पाकिटावरच्या आकड्याप्रमाणे कमी झालेलं नव्हतं. सिगारेट कुठली, यावरून रक्तात किती असेल हे सांगताच येत नव्हतं.

तुम्हालाही हे स्वतःवर मोजता येईल. तंबाखूमुक्ती केंद्रात किंवा छातीच्या डॉक्टरांकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र असतं. श्वास पंधराएक सेकंद रोखायचा आणि नळीत सावकाश सोडायचा, आकडा लगेच दिसतो. न ओढणाऱ्याचा साधारण सहाच्या खाली असतो, रोज ओढणाऱ्याचा बहुधा दहाच्या बराच वर. हा वायू काही तासांत शरीरातून कमी होत जातो, म्हणून तुलना करायची तर दिवसाच्या त्याच वेळी मोजा. सकाळी पहिल्या सिगारेटआधी आणि संध्याकाळी दहावीनंतर मोजून काही कळणार नाही. या आकड्यात पाकीट, रंग, जाहिरात यांचा काही संबंध नाही. तो तुमचाच आहे.

मग घशाला हलकं वाटतं, ते खोटं का? ते खरं आहे, आणि तुम्हाला फसवलंय ते त्यानेच. हवा मिसळलेला धूर थंड असतो, पातळ असतो, टोचत नाही. टोचत नाही म्हणून मोठा झुरका घेता येतो आणि खोलवर नेता येतो. खरखर कमी झाली म्हणजे नुकसान कमी झालं, असं आपण धरून चालतो, कारण एरवी शरीर तसंच वागतं. जे टोचतं ते वाईट. धुराच्या बाबतीत टोचणं ही फुकट मिळणारी सूचना होती, ती छिद्रांनी बंद केली. खोकला कमी म्हणून छाती सुधारली, असा अर्थ यातून काढू नका. उलट पाच वर्षांत एकदाही छाती तपासून घेतली नसेल, तर आता घ्या.

आणि सुधारली का, याचं उत्तर लाखो लोकांच्या नोंदींतून मिळालेलं आहे. अमेरिकेत सुमारे ९ लाख ४० हजार प्रौढांवर १९८२ पासून सहा वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्याचा निष्कर्ष २००४ मध्ये आला. टार ७ मिलिग्रॅम किंवा कमी असलेल्या, ८ ते १४ च्या आणि १५ ते २१ च्या सिगारेटी ओढणारे असे तीन गट पाहिले, तर फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याच्या धोक्यात फरक नव्हता. फरक दिसला तो फक्त २२ आणि त्यावरच्या बिनफिल्टरच्या सिगारेटींत. त्या आणखी वाईट होत्या, हे मान्य करायला हवं. 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणतात ते तिथवर खरं. पण तुम्ही बारावरून चारवर आलात, म्हणजे एका दगडावरून दुसऱ्या दगडावर.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त खटकते. गेल्या काही दशकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार बदलला. पूर्वी मोठ्या श्वासनलिकांशी होणारा प्रकार जास्त दिसायचा, नंतर फुप्फुसाच्या आत, कडेच्या बारीक भागांत होणारा अडेनोकार्सिनोमा वाढला. सिगारेटच्या रचनेत १९५० नंतर झालेल्या बदलांमुळे सिगारेट ओढणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका वाढला, असं अमेरिकी सरकारचे प्रमुख आरोग्य अधिकारी म्हणजे सर्जन जनरल, त्यांच्या २०१४ च्या अहवालाने म्हटलं. नेमका कोणता बदल जबाबदार, हे त्यांनी ठामपणे सांगितलं नाही, मात्र छिद्रांच्या फिल्टरकडे आणि तंबाखूतल्या नायट्रोसअमाइन या घटकांकडे बोट दाखवलं. सौम्य धूर खोल जातो, ही गोष्ट त्यात बसते.

रंगाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. युरोपीय संघात ३० सप्टेंबर २००३ पासून 'लाइट', 'माइल्ड' असे शब्द पाकिटावर छापायला बंदी आली, अमेरिकेत २२ जून २०१० पासून. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका संघीय न्यायाधीशांनी निकालात म्हटलं होतं की या सिगारेटी कमी घातक नाहीत हे कंपन्यांना ठाऊक असूनही त्यांनी लोकांना तसं भासवलं. शब्द गेले, पण सिगारेट तीच राहिली. गडद लाल पाकीट 'कडक', सोनेरी किंवा निळं 'हलकं', चंदेरी किंवा पांढरं त्याहून 'हलकं', हे लोकांनी आधीच शिकून घेतलं होतं. बंदी येण्याआधी एका मोठ्या कंपनीने पाकिटाबरोबर चिठ्ठीही दिली होती, की पाकीट बदलतंय, सिगारेट बदलत नाही, आता सोनेरी रंगाची मागा. तुम्ही दुकानात रंग सांगता, तेव्हा ते वगळलेलं नावच उच्चारत असता. सडपातळ सिगारेट, 'स्मूथ', 'फाइन' असे शब्द, पुदिन्याचा गारवा, पांढराशुभ्र फिल्टर, सगळे त्याच घरचे. गंमत म्हणजे याच खटल्यामुळे त्या कंपन्यांना नोव्हेंबर २०१७ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर स्वतःच्या खर्चाने सांगावं लागलं, की 'लाइट' किंवा कमी टारच्या सिगारेटी ओढणारेही साध्या सिगारेटीएवढंच टार आणि निकोटिन आत घेतात. तुमच्या पत्राचं उत्तर इतकं थोडक्यात मला देता आलं नसतं.

घरात ओढण्याचं एका वाक्यात संपवते. जळत्या टोकातून खोलीत जाणारा धूर फिल्टरमधून जातच नाही, त्यामुळे छिद्रं असोत वा नसोत, घरच्यांना तो तसाच मिळतो.

आता बेताकडे. एक मिलिग्रॅमवर जाणं म्हणजे छिद्रं वाढवणं. तुमच्या बोटांना तेवढं काम जास्त, आणि सिगारेटी पंधराच्या अठरा-वीस व्हायची शक्यता. तब्येतीसाठी म्हणून लाइटवर आलेल्यांची सोडायची घाई कमी होते, हेही पाहणीत दिसलं आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. काहीतरी केल्याचं समाधान मिळालेलं असतं. तुमची पाच वर्षं त्यातच गेली. म्हणून जुन्या बारा मिलिग्रॅमवर परत जा, असाही अर्थ काढू नका. तिथेही काही ठेवलेलं नाही.

संख्या हळूहळू कमी करण्याबद्दल मी जरा सावध आहे. पंधराच्या आठ केल्या, पण त्या आठही फिल्टर जळेस्तोवर ओढल्या, तर शरीराने पुन्हा तेच केलं. शिवाय तुमच्या घरात हृदयाचा आजार आहे. हृदयाच्या बाबतीत धोका सिगारेटींच्या संख्येच्या प्रमाणात उतरत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. म्हणून कमी करणं हे पाच-सहा आठवड्यांचं काम ठेवा, शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि जे निकोटिन सिगारेटीतून कमी कराल ते दुसरीकडून द्या. ते न देता कमी करणाऱ्याचा झुरका लांबत जातो.

दुसरीकडून म्हणजे निकोटिनची पट्टी आणि गोळी किंवा गम. आणि इथे लाइटवाले हमखास चुकतात, म्हणून जरा थांबून सांगते. "मी हलकी ओढतो, मला कमी ताकदीची पट्टी पुरे," असं म्हणून ते छोटी पट्टी घेतात, चौथ्या दिवशी चिडचिड, झोप उडालेली, आणि मग "पट्टीने काही होत नाही." मात्रा पाकिटावरच्या मिलिग्रॅमवरून ठरत नाही. दिवसाला किती आणि उठल्यावर पहिली किती वेळात, यावरून ठरते. दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला साधारणपणे २१ मिलिग्रॅमची पट्टी सुरुवातीला सहा आठवडे, मग १४ ची दोन आठवडे, मग ७ ची दोन. उठल्यावर अर्ध्या तासात पेटवणाऱ्याला गम ४ मिलिग्रॅमचा, त्यानंतर पेटवणाऱ्याला २ चा. तुम्ही दहा मिनिटांत पेटवता. निकोटिनच्या बाबतीत तुम्ही हलके अजिबात नाही.

पट्टी सकाळी अंगाच्या कोरड्या, केस नसलेल्या जागी लावायची, रोज जागा बदलायची. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवा. पट्टी दिवसभराची पातळी धरते, अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी वर गम. दोन्ही मिळून एकट्या पट्टीपेक्षा जास्त लोकांची सुटते. गम नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळत सुटू नका, नाहीतर निकोटिन पोटात जाऊन उचकी आणि मळमळ होईल. झणझणीत लागेपर्यंत सावकाश चावा, मग गाल आणि हिरडी यांच्यात ठेवून द्या, झणझण ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावा. अर्धा तास पुरतो. आधी पाव तास आणि गम तोंडात असताना पाण्याखेरीज काही पिऊ नका. बीपी, हृदयाचा त्रास, गर्भारपण किंवा दुसरी औषधं चालू असतील, तर हे डॉक्टरांना विचारून. त्यांच्याकडे व्हरेनिक्लिनसारख्या गोळ्यांचाही पर्याय आहे, आणि पट्टी आधी फसली असेल तर तोही विचारा.

वडिलांचं वय झटका आला तेव्हा किती होतं, हेही डॉक्टरांना आठवणीने सांगा. ५५ च्या आत असेल, तर तुमच्या तपासण्यांची यादी बदलते.

सुरुवात मात्र डबीने करा. आज रात्री झोपण्याआधी दिवसभराची थोटकं कागदावर एका ओळीत मांडा, तोंडं वर करून. कडा पांढऱ्या किती आणि तपकिरी किती, ते बायकोला मोजायला सांगा. तिला ते पाच वर्षांपासून दिसतंय.